चक्का रात्रभर टांगला तरी श्रीखंड पातळ का?

“दही रात्रभर ओट्यावर टांगा, श्रीखंड पातळ होणारच नाही.”

थंडीत हे चालून जातं. नागपूरच्या मे महिन्यात मात्र बाहेर टांगलेलं दही रात्रीतून आंबतं. आंबट चक्क्याला साखर जास्त लागते, ती चक्क्यातल्याच पाण्यात विरघळून पाक होते आणि श्रीखंड सैल पडतं. म्हणून दही चाळणीत, फ्रीजमध्येच निथळू द्या.

पडताळायचं असेल तर वजन करा. आमच्याकडे एक किलो दह्याचा साधारण चारशे ग्रॅम चक्का उतरतो. सहाशे भरला तर पाणी अजून आत आहे. पिठीसाखर चक्क्याच्या पाऊणपट, चाखत चाखत. मग पुरणयंत्रातून काढा, गुठळी राहत नाही. केशर चमचाभर कोमट दुधातच भिजवा (वाटीभर दूध ओतणारे आमच्याच घरात आहेत), वेलची शेवटी.