भाव निम्म्यावर आला म्हणजे मार्जिन ऑफ सेफ्टी मिळाली?

“काका, शेअर हजारावरून पाचशेवर आलाय. आता मार्जिन ऑफ सेफ्टी आहेच ना?”

नाही. मार्जिन ऑफ सेफ्टी म्हणजे वस्तूची आपण काढलेली खरी किंमत आणि आपण मोजलेला भाव यांतला फरक. मी फंड सांभाळत होतो तेव्हाही हा गैरसमज रोज ऐकायचो. आपल्या सोसायटीबाहेरच्या भाजीवालीचंच बघा. पहाटे ती दादरला टोमॅटोचा वीस किलोचा क्रेट उचलते. पाच किलो खराब निघेल असं धरते. उरलेले पंधरा किलो चाळीसने विकले तर सहाशे. हमाली-टेम्पोचे साठ वजा करून क्रेटची किंमत पाचशे चाळीस. ती चारशेलाच घेते. मधले एकशे चाळीस, म्हणजे साधारण सव्वीस टक्के, हीच तिची मार्जिन ऑफ सेफ्टी. भाव बत्तीसवर उतरला तरी हाती चारशे वीस येतात.

काल क्रेट आठशेला होता, आज सहाशेला मिळतोय, म्हणून तो घेतला तर साठ रुपये तोटाच. कालचा भाव या हिशेबात येतच नाही. शेअरचा हजारही तसाच कालचा भाव.

अंदाज मात्र चुकू शकतो. दहा किलो सडले तर चारशेचा क्रेटही बुडवतो. म्हणून कांद्यापेक्षा कोथिंबिरीला ती जास्त फरक ठेवते. कर्जात बुडालेल्या कंपनीच्या शेअरलाही तसाच जास्त फरक लागतो.