संयुक्त उत्पादनांचे परिव्ययांकन : विलगबिंदूवरील विक्रीमूल्याची रीत

एकाच कच्च्या मालातून, एकाच प्रक्रियेत, दोन किंवा अधिक विकाऊ वस्तू अपरिहार्यपणे निघत असतील तर त्या प्रक्रियेचा खर्च कोणत्या वस्तूवर किती टाकायचा, हा परिव्यय लेखांकनातील जुना प्रश्न आहे. ज्या टप्प्यावर या वस्तू एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येतात त्याला विलगबिंदू म्हणतात. हिशेबनिसांच्या बोलण्यात मात्र ‘स्प्लिट-ऑफ’ हाच शब्द अधिक ऐकू येतो. तोपर्यंतचा सगळा खर्च संयुक्त असतो, त्यानंतरचा ज्या त्या वस्तूचा. संयुक्त खर्च वाटण्याच्या रीतींपैकी विलगबिंदूवरील विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटणी ही सर्वाधिक रूढ आहे. या नोंदीत ती नागपूर आणि भोवतालच्या कापूसपट्ट्यातील जिनिंगच्या उदाहरणाने मांडली आहे. कापसाचे वेचे जिनमध्ये गेले की एका बाजूला रुई आणि दुसऱ्या बाजूला सरकी पडते, म्हणजे विलगबिंदू येथे डोळ्यांनी दिसतो.

सरकी : संयुक्त उत्पादन की उपउत्पादन? हाताने फिरवायच्या रेच्यावर सरकी वेगळी करत त्या काळात रुई हेच उत्पन्न समजले जाई. सरकी बियाण्याला ठेवायची, उरलेली भिजवून गुरांना घालायची. नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. त्या सुमाराच्या गिरण्यांनाही हवी होती ती रुईच. सरकीला तेलासाठी नियमित गिऱ्हाईक नेमके केव्हापासून मिळू लागले याविषयी एकच साल धरणे कठीण आहे, आणि बहुधा प्रांताप्रांतांत तो काळ निराळा असावा. वर्गीकरणाचा वाद यातूनच उरला आहे. एक मत असे की जिनचा मालक कापूस रुईसाठीच घेतो, म्हणून सरकी उपउत्पादन. दुसरे मत हेतूकडे न पाहता मूल्याकडे पाहते. वजनाने सरकी कापसाच्या सुमारे तीन-पंचमांश असते आणि विक्रीच्या रकमेत तिचा वाटा कित्येक हंगामांत चतुर्थांशाहून जास्त भरतो. एवढा वाटा देणाऱ्या वस्तूला ‘उप’ म्हणणे आज पटण्यासारखे नाही. इंड एएस २ या लेखामानकातही उपउत्पादनाची सोपी वागणूक (निव्वळ वसूलमूल्य मुख्य उत्पादनाच्या खर्चातून वजा करणे) मुख्यतः मूल्य नगण्य असणाऱ्या वस्तूंसाठी ठेवली आहे. जिनमध्ये ती कवडी कापसाला आणि झाडलोटीच्या कचऱ्याला शोभते, सरकीला नाही. तरीही अनेक जुन्या पेढ्यांच्या वह्यांत सरकीची रक्कम सरसकट कापूस खात्यातून वजा झालेली दिसते. तिचा परिणाम पुढे आकड्यांत येईल.

एका लॉटचा हिशेब. भाव येथे उदाहरणापुरते धरले आहेत. १०० क्विंटल कापूस क्विंटलला ६,७०० रुपयांनी घेतला, म्हणजे ६,७०,००० रुपये. बाजार समितीतील खर्च, हमाली आणि गाडीभाडे १०,००० रुपये. डबल रोलर जिन चालवण्याचा खर्च (वीज, मजुरी, रोलरची झीज, घसारा) २०,००० रुपये. संयुक्त खर्च झाला ७,००,००० रुपये. माल निघाला तो ३४ क्विंटल रुई आणि ६४ क्विंटल सरकी. उरलेले २ क्विंटल ओलावा, धूळ आणि पाचोळा यांत गेले.

सरकीचा जिनवरचा भाव क्विंटलला ३,२५० रुपये, म्हणून तिचे मूल्य २,०८,००० रुपये. रुईचे थोडे निराळे आहे. सुटी रुई या लॉटमध्ये विकली गेलेली नाही. ती प्रेसमध्ये जाऊन १७० किलोची गाठ होऊन विकली जाते. ३४ क्विंटलच्या बरोबर २० गाठी होतात. गाठीला २७,००० रुपये धरले तर ५,४०,००० रुपये येतात. पण गाठ बांधण्याचा, बारदानाचा आणि पट्ट्यांचा खर्च (गाठीमागे १,००० रुपये) विलगबिंदूनंतरचा आहे. तो २०,००० रुपयांचा खर्च वजा करून रुईचे विलगबिंदूवरचे मूल्य ५,२०,००० रुपये निघते. असे मागे मोजत जाऊन काढलेले मूल्य म्हणजे निव्वळ वसूलमूल्य. त्यात प्रेसिंगच्या कामाला स्वतःचा नफा काहीच मिळत नाही, हा एक दोष मान्य करूनच पुढे जावे लागते. प्रेसिंगसारख्या किरकोळ खर्चात तो खुपत नाही. पुढची प्रक्रिया लांबलचक असेल तर खुपतो.

आता ५,२०,००० आणि २,०८,००० यांचे प्रमाण ५ : २ आहे. ७,००,००० रुपयांपैकी रुईवर ५,००,००० आणि सरकीवर २,००,००० रुपये पडतात. सरकीचा परिव्यय क्विंटलला ३,१२५ रुपये. रुईत प्रेसिंगचे २०,००० मिळवले की गाठीचा परिव्यय २६,००० रुपये येतो. विलगबिंदूवर दोन्ही वस्तूंचा नफा मूल्याच्या ३.८५ टक्के निघतो. हा योगायोग नव्हे, तो या रीतीचा स्वभाव आहे. म्हणून ताळा घेण्याची खूणही हीच. दोन वस्तूंची विलगबिंदूवरची टक्केवारी जुळली नाही तर कुठेतरी खर्च चुकीच्या बाजूला गेला आहे किंवा भाव दोन वेगळ्या तारखांचे घेतले आहेत.

वजनाने वाटणी केली असती तर ९८ क्विंटलवर खर्च सारखा पसरला असता. सरकीच्या माथी ४,५७,१४३ रुपये आले असते आणि तिच्यात २,४९,१४३ रुपयांचा तोटा दिसला असता. रुईत मात्र २,७७,१४३ रुपयांचा नफा. दोन्हींची बेरीज तीच, २८,००० रुपये. एका क्विंटल सरकीला एका क्विंटल रुईइतका कापूस ‘लागतो’ हे वजनापुरते खरे, भावाच्या दृष्टीने निरर्थक. भाव जवळपास असणाऱ्या मालातच वजनाची रीत चालते. भारतीय कॉस्ट अकाउंटंट्स संस्थेच्या सीएएस-१९ या मानकाने प्रत्यक्ष एकके, विलगबिंदूवरील निव्वळ वसूलमूल्य आणि तांत्रिक अंदाज असे तिन्ही आधार मान्य केले आहेत; मानक मान्य करते म्हणून आधार प्रत्येक मालाला लागू पडतोच असे नाही.

सरकीला उपउत्पादन धरले तर ७,००,००० मधून २,०८,००० वजा होऊन रुईवर ४,९२,००० राहतात आणि प्रेसिंगसह गाठ २५,६०० रुपयांना पडते. ३१ मार्चला यातल्या १० गाठी गोदामात असतील तर साठ्याची किंमत २,५६,००० रुपये; विक्रीमूल्याच्या रीतीने ती २,६०,००० रुपये झाली असती. सगळी सरकी त्या वर्षीच विकली गेली असेल तर नफ्यात तेवढाच, म्हणजे ४,००० रुपयांचा फरक पडतो. एका लॉटला हा फरक लहान. शेकडो लॉट घेणाऱ्या जिनला तो ताळेबंदात जाणवतो.

नेहमीच्या चुका. सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे उत्पादित मालाऐवजी विकलेल्या मालाचे मूल्य धरणे. वरच्या लॉटमधील निम्मीच सरकी विकली गेली आणि हिशेबनिसाने विक्रीखात्यातील १,०४,००० रुपयेच घेतले, तर प्रमाण ५ : १ होते आणि रुईवर ५,८३,३३३ रुपये चढतात. प्रेसिंग धरून गाठ ३०,१६७ रुपयांना पडल्यासारखी दिसते. लॉट नफ्यात असताना गाठीचा परिव्यय तिच्या २७,००० रुपयांच्या भावावर गेला, की आधी हीच चूक शोधावी. दुसरी चूक, प्रेसिंगचा खर्च संयुक्त खर्चात मिसळणे. तसे केल्यास गाठ बांधण्याच्या २०,००० रुपयांपैकी ५,७१४ रुपये सरकीवर बसतात, जिला प्रेसशी काही देणेघेणे नाही. तिसरी, भावांच्या तारखा. नोव्हेंबरच्या लॉटला मार्चअखेरचा रुईचा भाव आणि नोव्हेंबरचाच सरकीचा भाव लावला तर प्रमाण निरर्थक होते. लॉट जिनमधून निघाला त्या दिवसाचे, नाही तर दोन्हींचे एकाच काळाचे सरासरी भाव घ्यावेत, आणि तेही जिनवरचे. पोहोच भावात भाडे मिसळलेले असते.

घटीचे २ क्विंटल वेगळी वस्तू म्हणून हिशेबात घेत नाहीत. नेहमीची घट संयुक्त खर्चातच राहते आणि चांगल्या मालाचा परिव्यय तेवढा वाढतो. कापूस ओला आला तर घट वाढते. पण जिनमध्ये आग लागून जळालेला कापूस ही नेहमीची घट नव्हे. तिचा खर्च वाटणीच्या आधीच काढून नफा-तोटा खात्यात टाकावा लागतो.

वाटणीच्या आकड्याचा उपयोग कुठे संपतो. ही रीत साठ्याचे मूल्यांकन आणि नफा मोजणे यासाठी आहे. किंमत ठरवायला ती वापरता येत नाही, कारण परिव्यय येथे किमतीतूनच काढला आहे. संयुक्त वस्तूंच्या खर्चाची बेरीजच तेवढी त्यांच्या एकूण किमतीला बांधलेली असते, वस्तूवार किंमत मागणी ठरवते, हे अर्थशास्त्रज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४८ मध्येच मांडले होते; लोकर आणि मांस यांसारखी उदाहरणे तेव्हापासून चालत आली आहेत.

पुढची प्रक्रिया करावी की नाही, या निर्णयातही वाटणीला स्थान नाही. समजा, जिनला लागूनच ऑइल मिल आहे. एक क्विंटल सरकीतून १२ किलो तेल (किलोला ११५ रुपये) आणि ८३ किलो ढेप (किलोला २७ रुपये) निघते. एकूण १,३८० अधिक २,२४१ म्हणजे ३,६२१ रुपये. गाळपाचा खर्च ३०० रुपये वजा केला की ३,३२१ उरतात. सरकी तशीच विकली असती तर ३,२५० आले असते. म्हणजे गाळपाचा फायदा क्विंटलला ७१ रुपये. या गणितात सरकीवर वाटलेले ३,१२५ रुपये कुठेच आले नाहीत, आणि येऊ नयेत. सरकी विकली काय, गाळली काय, कापसाचा पैसा आधीच गेलेला आहे. वजनाच्या रीतीने सरकीचा परिव्यय क्विंटलला ७,१४३ रुपये दिसतो. त्यावर विसंबून गाळप तोट्याचे ठरवले तर मिल विनाकारण बंद राहील. उलट ढेप किलोमागे एका रुपयाने उतरली तर ८३ रुपये कमी येतात आणि गाळप खरोखरच परवडत नाही. मग सरकी जिनवरच विकलेली बरी. तेलापेक्षा ढेपेच्या भावाने हा निर्णय लवकर पालटतो, कारण वजन ढेपेचे जास्त असते.

लॉटच तोट्यात असेल, म्हणजे एकूण विलगमूल्य संयुक्त खर्चाहून कमी असेल, तर ही रीत तोटाही त्याच प्रमाणात दोन्ही वस्तूंवर टाकते. अशा वेळी वर्षअखेरच्या साठ्याला वाटणीचा परिव्यय लावून चालत नाही. निव्वळ वसूलमूल्यापर्यंत तो खाली आणावा लागतो, आणि ते रुईचे व सरकीचे वेगवेगळे.