विक्रेता गप्प, पण मुदत चालूच

“ऑनलाइन मागवलेलं पार्सल आलंच नाही. विक्रेत्याला मेसेज केलाय, आता त्याचं उत्तर येईपर्यंत प्लॅटफॉर्मकडे दावा करता येत नाही ना? तोवर दाव्याची मुदतही थांबते म्हणे.”

दोन्ही गोष्टी चूक आहेत, आणि दुसरी जास्त महागात पडते. विक्रेत्याला आधी कळवायचं हे खरं, पण त्याच्यासाठी थांबायचा काळ ठरलेला असतो. अ‍ॅमेझॉनच्या ‘ए-टू-झेड’ हमीत तो 48 तासांचा आहे, ईबेवर कामाचे 3 दिवस. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर दावा थेट प्लॅटफॉर्मकडे नेता येतो.

मुदत मात्र तुमच्या मेसेजपासून मोजत नाहीत. समजा, ईबेवरच्या ऑर्डरला डिलिव्हरीची अंदाजे शेवटची तारीख 10 मार्च होती आणि पार्सल आलंच नाही. मुदत 30 दिवसांची, म्हणजे 9 एप्रिलला संपते. विक्रेता 25 मार्चला “पुन्हा पाठवतो, 15 एप्रिलपर्यंत थांबा” म्हणाला आणि तुम्ही थांबलात, तर दावा गेला. तो मुद्दाम वेळ काढत होता की खरंच अडचणीत होता, यानं काही फरक पडत नाही. अ‍ॅमेझॉनवर हीच मुदत साधारण 90 दिवस आहे.

आणखी एक: साधा मेसेज म्हणजे दावा नव्हे. ऑर्डरच्या पानावरून ‘वस्तू मिळाली नाही’ अशी रीतसर नोंद करा. विक्रेत्याशी बोलणंही प्लॅटफॉर्मच्या मेसेजमध्येच ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, कारण तपासणाऱ्याला तिथलं काहीच दिसत नाही. नोंद केल्यावर पार्सल आलंच, तर दावा बंद करता येतो. पण “पैसे देतो, आधी दावा बंद कर” असं विक्रेत्यानं म्हटलं, तर पैसे जमा होईपर्यंत हात लावू नका. बंद केलेला दावा सहसा पुन्हा उघडत नाही.