क्रँक पुलर: बारीक टोकाचा की जाड टोकाचा?

क्रँक पुलर म्हणजे सायकलचा क्रँक, पेडलचा दांडा, एक्सलवरून ओढून काढायचं हत्यार. दुकानात असे दोन पुलर शेजारी ठेवले तर फरक चटकन कळत नाही. दोन्हींच्या बाहेरच्या नळीचे आटे सारखेच, २२ मिमीचे, त्यामुळे कुठलाही पुलर कुठल्याही क्रँकमध्ये मस्त बसतो. घोळ होतो तो यामुळेच. खरा फरक मधल्या स्क्रूच्या टोकात असतो: एकाचं टोक साधारण ११ मिमी, दुसऱ्याचं १६.

बारीक टोक चौकोनी एक्सलसाठी. बाहेरची नळी क्रँकला धरते, टोक चौकोनी भोकातून आत जाऊन एक्सलच्या तोंडावर दाबतं आणि क्रँक बाहेर सरकतो. जाड टोक खाचांच्या पोकळ एक्सलसाठी, म्हणजे ऑक्टालिंक किंवा आयसिस. बोल्ट काढल्यावर आत डोकावून बघा, चौकोन आहे की खाचा, ते लगेच दिसतं. (कॉटर पिनवाल्या काळ्या सायकलींना यातला कुठलाच पुलर लागत नाही.)

बारीक टोक पोकळ एक्सलवर वापरलं तर ते बोल्टच्या भोकात शिरतं आणि आतले आटे खराब करतं. मी एकदा हेच केलं होतं. पाना बराच वेळ सहज फिरत राहिला आणि मला वाटलं, काम होतंय.

उलट चूक जास्त महागात पडते. जाड टोक चौकोनी भोकात मावत नाही, ते क्रँकवरच टेकतं. मग पुलर क्रँकला ओढतोही आणि ढकलतोही. एक्सलवर काहीच जोर येत नाही, आणि शेवटी क्रँकचे मऊ ॲल्युमिनियमचे आटे उपटून येतात. पुलर बरोबर असला तरी बोल्टखालचा वॉशर आत राहिला तर अगदी हेच घडतं. तो ग्रीसमध्ये चिकटून बसलेला असतो, दिसतसुद्धा नाही. म्हणून १४ च्या पान्याने बोल्ट काढला की भोक फडक्याने पुसून बोटाने चाचपायचं.

मग मधला स्क्रू पूर्ण मागे घ्यायचा आणि नळी हाताने तळापर्यंत बसवायची. दोनतीन आट्यांवर नळी लटकत ठेवून जोर लावला की आटे गेलेच. नळी पान्याने जरा आवळून मगच मधला स्क्रू फिरवायचा. तो घट्ट होत जातो, मग अचानक ‘टक’ होतं आणि क्रँक सैल पडतो. तसं झालं नाही तर हट्ट करू नका. एक्सल क्रँकमध्ये शिरतो तिथे मागच्या बाजूने गंज सोडवणारं तेल सोडा, ताण तसाच ठेवून रात्रभर थांबा, सकाळी पाव वळसा द्या. दरम्यान नळीची कड क्रँकपासून वर उचललेली दिसली तर ताबडतोब थांबा. आटे सुटायला लागलेत.