जोत्यावरून काढलेली यादी म्हणजे एस्टिमेट नव्हे

मोबाइलवर फिरणारी ती यादी तुम्हीही पाहिली असेल: चौरस फुटाला सिमेंट ०.४ गोणी, सळई साडेतीन ते चार किलो, वाळू १.८ घनफूट, खडी १.३५ घनफूट. ६०० चौरस फुटांचं जोतं असेल तर गुणाकार करा; २४० गोण्या, सव्वादोन टनांच्या आसपास सळई, शंभर घनफुटांचा ब्रास धरून जवळपास ११ ब्रास वाळू, ८ ब्रास खडी. इथवर काही चूक नाही. कर्जासाठी किती रकमेच्या गोष्टी बोलायच्या, हे ठरवायला एवढं पुरतं. घोळ सुरू होतो तो हीच यादी घेऊन लोक दुकानात जातात तेव्हा.

एक छोटी गोष्ट आधीच उरकतो. गुणायचं ते जोत्याचं क्षेत्रफळ, म्हणजे भिंतींच्या जाडीसकट. कारपेट धरून गुणलं तर सगळंच कमी पडणार. आणि हे आकडे आरसीसी फ्रेमचे आहेत. लोडबेअरिंग घराला कॉलम नसतात, तिथे सळईचा आकडा लावूच नका.

खरी फसगत पुढे आहे. एस्टिमेट मोजमापावर चालतं, आणि मोजमाप घेतलं की कळतं, घराच्या सगळ्या वस्तू क्षेत्रफळाच्या मागे जात नाहीत. स्लॅब जातो. ५ इंची स्लॅब ६०० चौरस फुटांवर २५० घनफूट, म्हणजे सुमारे ७ घनमीटर. एम-२० काँक्रीटला घनमीटरमागे साधारण ८ गोण्या धरल्या तर ५६-५७ गोण्या झाल्या. फरशी आणि छताचा गिलावाही क्षेत्रफळानेच वाढतो. पण २४० गोण्यांतला मोठा हिस्सा फुटिंग, कॉलम, बीम, वीटकाम आणि भिंतींच्या गिलाव्यात जातो, आणि त्यांना तुमचं जोतं किती चौरस फूट आहे याच्याशी थेट देणंघेणं नसतं.

भिंतीच घ्या. २० बाय ३० चं घर ६०० चौरस फूट, १२ बाय ५० चंही ६०० चौरस फूट. यादी दोघांना सारखीच. पहिल्याचा घेर १०० फूट, दुसऱ्याचा १२४. भिंत १० फूट उंच धरली तर बाहेरची २४० चौरस फूट भिंत जास्त. आपल्याकडच्या ९ बाय ४ बाय ३ इंची विटेत ९ इंची भिंतीला चौरस फुटाला ८ ते ९ विटा लागतात. म्हणजे दोन हजारांच्या आसपास विटा नुसत्या आकारामुळे वाढल्या! त्यांचा मसाला आणि आतबाहेरचा गिलावा वेगळाच. म्हणून माझं ठाम मत: विटा क्षेत्रफळावरून कधीच काढू नयेत. नकाशावर टेप धरून भिंतींची धावती लांबी मोजा, दारं-खिडक्या आणि कॉलम-बीमची जागा वजा करा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण नेमकं तेच कुणी करत नाही.

जमीन तर यादीला दिसतच नाही. वरचे आकडे मुरूम लवकर लागणारी बरी जमीन गृहीत धरतात. जमिनीची भार पेलण्याची ताकद निम्मी निघाली, तर फुटिंगचं क्षेत्रफळ दुप्पट लागतं. ४ बाय ४ चं फुटिंग जवळपास ५ फूट ८ इंची चौरस होतं, जाडीही वाढते. काळ्या मातीत खोदाई खाली जाते ती वेगळी. घर तेच, जोतं तेच, आणि जमिनीच्या वर काही दिसायच्या आत गोण्या संपतात. अशा वेळी मिस्त्री माल खातो असा बोभाटा होतो. कधी खातही असेल, पण आधी खड्डे मोजा.

जोत्याची भरणी यादीत नसतेच. जोतं जमिनीपासून २ फूट उचललं, की ६०० चौरस फुटांना १२ ब्रास मुरूम. दाबल्यावर तो खाली बसतो, म्हणून १५ ब्रास मागवावा लागतो. रस्ता उंच म्हणून ३ फूट उचललं, तर हाच हिशोब दीडपट.

हे माहीत असलेले काही जण दहा टक्के वर धरा म्हणतात. मला तो उपाय पटत नाही. लांबट घराला विटा नक्की कमी पडणार, ते दहा टक्के वाळू-खडीतही वाढवून काय साधणार? शिवाय सगळं सिमेंट एकदम आणलं, तर तीन महिन्यांत त्याची ताकद उतरायला लागते आणि पावसाळ्यात खालच्या गोण्यांचे खडे होतात.

मी असं करतो: यादीचा आकडा फक्त पैशांच्या तजविजीला. माल मात्र जोत्यापर्यंत लागेल एवढाच, तोही फुटिंगच्या नकाशावरून मोजून. जोतं झालं की रिकाम्या गोण्या मोजायच्या आणि वरचा हिशोब विटा, स्लॅब, गिलावा असा वेगवेगळा नव्याने काढायचा. तोवर जमिनीने जे दाखवायचं ते दाखवलेलं असतं. पुढचं सगळं नकाशात मोजता येतं.