जाहिरातीवर विक्रीचा किती वाटा खर्चावा? डॉर्फमन-स्टायनर नियमाची पार्श्वभूमी

पूर्ण स्पर्धेच्या पाठ्यपुस्तकी बाजारात जाहिरातीला जागाच नाही. चालू भावाला हवा तेवढा माल खपत असेल तर त्याची दवंडी कोण पिटेल? त्यामुळे अर्थशास्त्राने जाहिरातीकडे बराच काळ काणाडोळा केला. १९३३ मध्ये एडवर्ड चेंबरलिन यांनी उत्पादनखर्च आणि विक्रीखर्च वेगळे काढले : पहिला माल तयार करतो, दुसरा मागणी तयार करतो. पुढच्याच वर्षी अब्बा लर्नर यांनी दाखवले, की नफा जास्तीत जास्त करणाऱ्या मक्तेदाराच्या किमतीत सीमांत खर्चावरच्या मार्जिनचा जो वाटा असतो, तो मागणीच्या किंमत-लवचिकतेचा व्यस्त असतो. सीमांत खर्च म्हणजे आणखी एक नग बनवायला लागणारा खर्च, आणि किंमत-लवचिकता म्हणजे किंमत १ टक्का वाढवली तर खप किती टक्के घटतो ते. लवचिकता २.५ असेल तर मार्जिन ४० टक्के.

हे दोन धागे नीट जुळायला १९५४ साल उजाडले. रॉबर्ट डॉर्फमन आणि पीटर स्टायनर यांनी ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मधल्या लेखात किंमत आणि जाहिरात हे दोन्ही निर्णय कंपनी एकाच वेळी घेते असे धरले. त्यातून निघालेला नियम आज असा लिहितात :

A / (P·Q) = e_A / e_P

डावीकडे जाहिरातखर्चाचे विक्रीशी प्रमाण. उजवीकडे वर जाहिरात-लवचिकता, म्हणजे जाहिरात १ टक्का वाढवली तर खप किती टक्के वाढतो ते. खाली किंमत-लवचिकता, उणे चिन्ह सोडून.

मूळ लेखातली मांडणी मात्र वेगळी होती, आणि मला तीच जास्त बोलकी वाटते. जाहिरातीवरच्या शेवटच्या रुपयाने एकूण विक्री किती रुपयांनी वाढावी? रुपयाला रुपया, असे उत्तर पटकन सुचते. पण वाढीव माल बनवायलाही खर्च येतोच. म्हणून उत्तर आहे : किंमत-लवचिकतेइतक्या रुपयांनी.

आकडे घालून पाहू. किंमत १००, सीमांत खर्च ६०, खप १०,००० नग, म्हणजे विक्री १० लाख. मार्जिन ४० टक्के, तेव्हा किंमत-लवचिकता २.५. जाहिरात-लवचिकता ०.१ धरली तर प्रमाण ४ टक्के आणि खर्च ४०,०००. आता तो १ टक्क्याने, म्हणजे ४०० ने वाढवा. खप ०.१ टक्का, म्हणजे १० नगांनी वाढेल. प्रत्येकी ४० प्रमाणे हाती आले ४००. खर्च आणि मिळकत बरोबर. विक्री मात्र १,००० ने वाढली, म्हणजे खर्चाच्या अडीचपट. हीच कंपनी ८०,००० खर्चत असती तर पुढच्या १ टक्क्याला ८०० मोजून जेमतेम ४३० परत आले असते.

पुढे हा नियम वादात कामाला आला. १९६७ मध्ये कोमॅनर आणि विल्सन यांना अमेरिकेतल्या ग्राहकोपयोगी उद्योगांत असे आढळले, की जिथे जाहिरात जास्त तिथे नफाही जास्त. जाहिरातीमुळे नव्या स्पर्धकांची वाट अडते, असा अर्थ त्यातून निघत होता. पण नियम उलटाही वाचता येतो : ज्याचे मार्जिन मोठे त्याला वाढीव नगामागे जास्त सुटतात, म्हणून तोच जास्त जाहिरात करतो. नियम फक्त नफा शिखरावर असताना काय जुळलेले असते ते सांगतो. कशामुळे काय घडले हे त्यातून निघत नाही. शिवाय जाहिरातीने ग्राहक ब्रँडला चिकटला तर किंमत-लवचिकताच बदलते, म्हणजे उजवी बाजूही स्थिर राहत नाही.

दुसरी उणीव काळाची. आजची जाहिरात उद्याही थोडी लक्षात राहते. १९६२ मध्ये मार्क नर्लोव्ह आणि केनेथ ॲरो यांनी जाहिरातीने साठणारी आणि हळूहळू झिजणारी ‘पत’ कल्पिली. नियमाचा सांगाडा टिकला. फक्त डावीकडे खर्चाच्या जागी पतीचा साठा आला, उजवीकडे वर पतीची लवचिकता आली आणि छेदात किंमत-लवचिकतेला व्याजदर व झिजेचा दर यांच्या बेरजेने गुणले गेले.

खरी गोची मोजमापात आहे. पुष्कळ कंपन्या जाहिरातीचे बजेट विक्रीच्या ठरावीक टक्क्यांवर बेततात. आपल्या उदाहरणातली कंपनी दरवर्षी ४ टक्केच खर्चत असेल, तर विक्री आणि जाहिरात एकाच प्रमाणात वर-खाली होणार. त्या आकड्यांवरून विक्रीची जाहिरात-लवचिकता काढली तर ती १ येते, कारण इथे विक्रीच जाहिरात ठरवते आहे. नियमात १ घातला की सल्ला मिळतो विक्रीच्या ४० टक्के खर्च करा, म्हणजे अख्खे मार्जिन जाहिरातीत ओता. उत्तर मार्जिनच्या आसपास आले की अंदाजात हा उलटा संबंध शिरला आहे का, ते आधी तपासावे. काही भागांत जाहिरात मुद्दाम, चिठ्ठ्या टाकून कमी-जास्त करून पाहिली तरच दोन्ही दिशा सुट्या होतात. प्रसिद्ध अंदाजांचा २०११ साली घेतलेला एकत्रित आढावा अल्पकालीन जाहिरात-लवचिकतेची सरासरी ०.१२ सांगतो.