फोन वाजणारच, मग कामाचा कप्पा केवढा असावा?

आमच्या ऑफिसात साठ जणांचं पगारपत्रक करणाऱ्या एक ताई आहेत. गेल्या वर्षी त्यांनी टाइम ब्लॉकिंग सुरू केलं. दिवसाचे कप्पे पाडले, भिंतीवर तक्ता लावला आणि महिनाअखेरीला ११ ते १ या कप्प्यात ठळक अक्षरांत लिहिलं: पगारपत्रक. काम तसं तासाभराचं. हजेरी, ओव्हरटाइम, कपात, माणशी साधारण एक मिनिट. तरीही दोन तासांचा कप्पा संपला तेव्हा त्या तिसऱ्यांदा पहिल्या नावावर आलेल्या होत्या. फोन यायचा, कोणीतरी दारात उभं राहायचं, आणि परत बघावं तर एक्केचाळिसाव्या माणसाचा ओव्हरटाइम धरला की राहिला हेच आठवायचं नाही. शंका आली की पुन्हा पहिल्यापासून. त्यांना वाटलं, आपल्यालाच शिस्त नाही. मला हे पटेना, कारण त्यांच्यापेक्षा शिस्तीचं माणूस मी पाहिलेलं नाही. चूक कप्प्याच्या मापात होती, आणि ते माप कसं काढायचं याचं गणित शंभरहून अधिक वर्षांपूर्वी झालेलं आहे.

ते केलं ए. के. अरलांग या डॅनिश गणितज्ञाने. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत ते नोकरीला होते, आणि किती तारा नि किती ऑपरेटर ठेवले म्हणजे लोक ताटकळणार नाहीत हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. १९०९ साली त्यांनी दाखवून दिलं की वेगवेगळ्या माणसांचे फोन एकमेकांशी संबंध नसल्यासारखे, कधीही येतात, पण त्या ‘कधीही’लाही नियम असतो. तासाला सरासरी किती फोन येतात एवढं कळलं, तर अमुक मिनिटं एकही फोन न येण्याची शक्यता किती ते सांगता येतं.

ताईंनी पाच दिवस एका कागदावर रेघा मारल्या. फोन आला की उभी रेघ, माणूस आला की आडवी. कुठलं ॲप नाही, काही नाही. पाच दिवसांत १०७ रेघा झाल्या, म्हणजे दिवसाला एकवीस. पण त्या सारख्या पसरलेल्या नव्हत्या. सकाळी १० ते ११ मध्ये पाच दिवस मिळून फक्त सात. ११ ते १ आणि ३ ते ५ मात्र तासाला सरासरी चार.

तासाला चार म्हटलं की आपल्याला वाटतं, चला, दर वेळी पंधरा मिनिटं तरी सलग मिळतील. इथेच फसगत होते. फोन घड्याळ लावून येत नाहीत, दोन-तीन एकापाठोपाठ येतात आणि मग बराच वेळ शांतता असते. अरलांगच्या नियमाने हिशोब केला तर सलग पंधरा मिनिटं मिळण्याची शक्यता ३७ टक्के निघते. अर्ध्या तासाची १४ टक्क्यांच्या आसपास, आणि पूर्ण तासाची दोन टक्क्यांहूनही कमी. ताई ज्या दोन तासांची वाट पाहत होत्या ते महिनोन्‌महिने थांबूनही हाती लागले नसते. त्यांच्या शिस्तीचा यात काही संबंधच नव्हता.

आता दुसरा प्रश्न. मोडलं की पहिल्यापासून, असं एक तासाचं काम या गर्दीत पुरं व्हायला सरासरी किती वेळ लागेल? उत्तर मी दोनदा तपासलं: साडेतेरा तासांच्या जवळ, आणि त्यात फोनवर बोलण्यात गेलेला वेळ धरलेला नाही. तेच काम दहा-दहा मिनिटांच्या सहा तुकड्यांत केलं, आणि फोन आल्यावर फक्त चालू तुकडा वाया गेला असं धरलं, तर एकूण वेळ येतो सुमारे ८५ मिनिटं. माणूस तोच, फोन तेवढेच, काम तेवढंच. बदल एकच, की कामाला मध्ये सांधे दिले.

ही कल्पना माझी नाही. पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले हर्बर्ट सायमन यांनी १९६२च्या एका लेखात दोन घड्याळजींची गोष्ट सांगितली होती. एकाचं नाव होरा, दुसऱ्याचं टेम्पस. (होरा हा शब्द आपल्याकडेही आहे, पंचांगातला. तो मुळात ग्रीकमधून आला आणि त्याचा अर्थच तास.) दोघांच्या घड्याळात हजार सुटे भाग, दोघांची घड्याळं उत्तम, आणि दोघांच्याही दुकानात नव्या गिऱ्हाइकांचे फोन सारखे खणखणत. टेम्पस हजार भाग एका दमात जोडायचा. मध्येच फोन घ्यायला हातातलं खाली ठेवलं की अर्धवट जोडलेलं घड्याळ सगळं सुटं व्हायचं. होराने दहा भागांचा एक पक्का जोड, असे दहा जोड मिळून एक मोठा जोड, असे दहा मोठे जोड मिळून घड्याळ, अशी रचना केली. फोन आला की त्याचं नुकसान व्हायचं ते जेमतेम एका छोट्या जोडाचं. होरा भरभराटीला आला, टेम्पसचं दुकान गेलं. सायमन ही गोष्ट निसर्गातल्या गुंतागुंतीच्या रचनांबद्दल सांगत होते, पण ज्याच्या टेबलावर फोन आहे त्याने ती शब्दशः घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

म्हणून टाइम ब्लॉकिंगमध्ये दोन मापं वेगळी धरावी लागतात. कप्पा तासा-दोन तासांचा असू दे. त्याच्या आतला तुकडा मात्र दोन फोनांमधल्या सरासरी अंतराच्या दोन-तृतीयांशापेक्षा मोठा नको. ताईंचं अंतर पंधरा मिनिटं, म्हणून तुकडा दहा मिनिटांचा, म्हणजे दहा नावांचा. असा तुकडा न मोडता पुरा होण्याची शक्यता निम्मी असते. आणखी लहान केला तर ती वाढते, पण प्रत्येक सांध्यावर नोंद करायला अर्धं-एक मिनिट जातं आणि तेच पुढे जड होतं.

सांधा पक्का कशाने होतो, तर डोक्यातलं कागदावर उतरल्याने. ताई दहा नावं झाली की त्या दहांची बेरीज पेन्सिलीने समासात लिहितात, हजेरीपटाशी जुळवतात आणि खाली रेघ ओढतात. रेघेच्या वरचं पुन्हा बघायचं नाही. ‘तीस झाली’ एवढं मनाशी म्हणून भागत नाही. २०१४ साली आल्टमन, ट्रॅफ्टन आणि हॅम्ब्रिक यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात लोक ठरलेल्या क्रमाने काम करत असताना त्यांना सरासरी २.८ सेकंदांचा अडथळा आणला, तरी क्रम चुकण्याचं प्रमाण दुप्पट झालं, ४.४ सेकंदांच्या अडथळ्याने तिप्पट. म्हणजे दारातून कोणी नुसतं ‘साहेब आहेत का?’ विचारून गेलं, तरी ओळ निसटू शकते.

तुकड्याच्या मध्येच फोन आला तर? त्याच विषयावरच्या आणखी एका प्रयोगात, २००३ साली, ट्रॅफ्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की अडथळा येणार याची काही सेकंद आधी सूचना मिळाली, तर माणसं नंतर मूळ कामावर लवकर परत येतात, कारण त्या सेकंदांत ती पुढचं पाऊल मनात पक्कं करतात. फोनची घंटा ही आयती सूचना आहे. पहिल्याच घंटेला रिसीव्हर उचलायची आपल्याला सवय असते. तो दोन-तीनदा वाजू द्यावा आणि तेवढ्यात अर्धी ओळ लिहावी. ताई लिहितात, ‘४१ – ओटी धरला, कपात बाकी.’ झालेलं काय आणि पुढचं काय, दोन्ही हवं. समोर माणूस आला तर ‘बसा, एवढं नाव पुरं करते’ म्हटलं की कोणाला राग येत नाही. नोंद नीट झाली की नाही ते परत आल्यावर कळतं. पहिली हालचाल पुढच्या आकड्याकडे झाली तर नोंद चांगली. नजर वरच्या चार ओळींवर फिरायला लागली तर नोंदीत काहीतरी राहिलंय.

तो कागद टेबलावर डोळ्यांसमोर ठेवायचा, वहीत मिटून नाही. ‘अडथळ्यानंतर लक्ष परत यायला तेवीस मिनिटं लागतात’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ग्लोरिया मार्क यांनी २००५ साली ऑफिसातल्या लोकांचं निरीक्षण करून मोजलं होतं ते वेगळं होतं: सोडलेलं काम पुन्हा हाती घेईपर्यंत सरासरी पंचवीस मिनिटं गेली, आणि मधल्या वेळात लोक सरासरी दोनाहून जास्त वेगळी कामं करत होते. एवढा वेळ मेंदू शांत व्हायला लागत नाही. फोन झाला की आपण फोनवर सांगितलेलं काम करायला घेतो, त्यातून तिसरं निघतं, आणि मूळ कागद खाली दबतो. ताईंनी यासाठी ४:३० ते ५:१५ असा एक कप्पा मोकळा ठेवला. फोनवर जे काम निघेल त्याची एका ओळीत नोंद करायची, ‘साडेचारनंतर बघून कळवते’ असं सांगायचं आणि परत एक्केचाळिसाव्या नावावर यायचं. दिवसाला एकवीस अडथळे, पाचेक मिनिटांचा एक, म्हणजे पावणेदोन तास तसेही जातात. तक्त्यात हा वेळ धरलाच नाही तर दुपारपर्यंत सगळे कप्पे पुढे सरकलेले असतात.

‘साडेचारनंतर बघून कळवते’ हा शब्द पाळावाच लागतो. तो मोडला तर तोच माणूस पाचला ‘झालं का?’ म्हणून फोन करतो आणि रेघा वाढतात. ताईंनी नंतर अशा दुबार फोनांसाठी रेघेवर टिंब द्यायला सुरुवात केली. टिंबं वाढली की समजायचं, संध्याकाळचा कप्पा अपुरा पडतोय.

काही कामांना सांधा देताच येत नाही. करारनामा वाचणं, अवघड पत्राचा पहिला मसुदा करणं, यात सगळं एकदम डोक्यात धरावं लागतं. ती १० ते ११ मध्ये टाकायची. तासाला १.४ रेघा असताना सलग अर्धा तास मिळण्याची शक्यता ५० टक्के आहे. हेच काम ३ ते ५ मध्ये घेणं म्हणजे वेळ फुकट घालवणं.

या गणितालाही हद्द आहे. तासाला बारा फोन असतील तर सरासरी अंतर पाच मिनिटांवर येतं, तुकडा तीन मिनिटांचा होतो, आणि तीन मिनिटांत पक्का जोड बसेल असं काम फारसं नसतं. तिथे फोनच कमी करावे लागतात. शेजारच्याशी बोलून तासभर त्याने आपले फोन घ्यायचे आणि पुढचा तास आपण त्याचे, एवढा सरळ उपाय आहे. तसंच, अरलांगचा नियम एकमेकांशी संबंध नसलेल्या फोनांना लागू पडतो. पगार जमा होण्यात एक दिवस उशीर झाला, तर साठ जणांना एकाच वेळी एकच प्रश्न पडतो. त्या दिवशी सरासरी उपयोगाची नाही. सगळ्यांना एक निरोप पाठवला की बरेच फोन येतच नाहीत.

रेघांचा कागद ताई आता दर तीन महिन्यांनी पाच दिवसांसाठी पुन्हा काढतात, तेही महिनाअखेरीच्या आठवड्यात. मागच्या वेळी ११ ते १ ची सरासरी चारवरून पाचवर गेलेली दिसली. त्यांनी तुकडा दहा नावांवरून आठांवर आणला आणि पेन्सिलीच्या रेघा नव्याने आखल्या.